उजनीच्या पाण्याखालचं माहेर

परवा एका स्नेह्याने स्मृतिभ्रंश झालेल्या आईसाठी एआयकडून करवून घेतलेलं चित्र कौतुकाने दाखवलं. आईचं माहेर जुनं पळसदेव, म्हणजे आता उजनीच्या फुगवट्यात. चित्रात संगमरवरी पायऱ्या, सोन्याचा कळस, मागे काश्मीरला शोभतील असे डोंगर आणि मधोमध जाहिरातीतली एक गुळगुळीत आजी. व्हॉट्सअॅपवरच्या 'शुभ सकाळ'वाल्या गुलाबांचंच हे भावंड. माउलीने चष्मा पुसून विचारलं, "कोण रे ही बाई?"

दुसरं चित्र त्याच माउलीच्या सूनबाईंनी केलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार उतरलं की पळसनाथाचं काळ्या दगडाचं देऊळ उघडं पडतं. तेव्हाचा एक फोटो त्यांनी मिळवला. सासूबाईंचा लग्नानंतरचा उभा फोटो स्कॅन करून फक्त आकृती कातरली. चेहऱ्याला यंत्राचा हात लागू दिला नाही. यंत्र चेहरा 'सुधारतं' म्हणजे नव्याने काढतं, आणि घोटाळा तिथेच होतो. फोटो तरुणपणचा घेतला, कारण माणसाच्या आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्याच सगळ्यात दाट असतात. स्मृतिभ्रंशात तर आजचा स्वतःचा चेहराही कधी कधी परका वाटतो.

मग देवळाचा फोटोही कृष्णधवल केला, त्यामुळे गाळ आणि पडझड नजरेत भरेना. दाराच्या उंचीवरून बाईंची उंची बेतली. देवळाची सावली डावीकडे होती, म्हणून पायाशी तशीच पुसट सावली दिली. ती नसेल तर माणूस तरंगतो. छपाई ए-फोर आकारात, बिनचकाकीच्या कागदावर, कारण चकाकत्या कागदावर म्हाताऱ्या डोळ्यांना फक्त ट्यूबलाइट दिसते.

"आठवतं का?" असं त्यांनी विचारलं नाही. ती परीक्षा होते. "आई, पाणी कुठून आणायचात?" एवढंच म्हणाल्या. सासूबाईंनी चित्राबाहेर, टेबलावर बोट ठेवलं: "नदी इकडं. चित्रात आलीच नाही." पुढचा अर्धा तास घागरी, धुणं आणि एका भांडखोर भावजयीचा उद्धार!

एक धोका मात्र आहे. 2002 साली न्यूझीलंड-कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी वीस जणांना त्यांचाच लहानपणचा, पण गरम हवेच्या फुग्यात बसवलेला बनावट फोटो दाखवला. तीन मुलाखतींत निम्म्यांना ती कधीच न झालेली सफर थोडीफार 'आठवली'. ही तर धडधाकट मोठी माणसं होती. तेव्हा आई जिथे खरोखर वावरली तिथेच तिला उभं करा. हौसेने काशी-रामेश्वर घडवू नका, गेलेल्या माणसांना शेजारी आणून बसवू नका. चित्र पाहून ती कासावीस झाली तर ते निमूट उचलून ठेवा. आणि मागच्या बाजूला पेनने ठळक लिहा: 'जोडचित्र', तारीख आणि मूळ फोटो कोणते ते. नातवंडं उद्या हेच अल्बममध्ये लावतील.