नकार द्या, ताटकळत ठेवू नका

विक्रेत्याला "बघू, कळवतो" म्हणणं म्हणजे सौजन्य, असं आपण समजतो. मला ते पटत नाही. तो आपल्या ऑर्डरच्या आशेवर थांबून राहतो आणि शेवटी बाहेरून कळलं की जास्तच दुखावतो.

आमच्या सेलू तालुक्यातल्या एका बचत गटाने मिनी दालमिलसाठी तीन कोटेशनं मागवली. वर्ध्याच्या विक्रेत्याचं यंत्र चांगलं होतं, पण वाहतूक आणि बसवणूक धरली की गटाला परवडत नव्हतं. ठराव झाल्यावर दुसऱ्याच दिवशी अध्यक्षताईंनी त्याला आधी फोन केला, मग चार ओळी लिहून पाठवल्या:

"भाऊ, तुम्ही गावात येऊन जागा पाहिली, आभार. या वेळी ऑर्डर दुसरीकडे दिली आहे. वाहतूक-बसवणुकीसह एकूण खर्च आमच्या बजेटबाहेर जात होता. चाळण्या आणि पट्ट्यांचे तुमचे दर मात्र जरूर पाठवा."

कारण एकच, आणि खरं. दुसऱ्याचा दर सांगितला नाही. सांगितला की लगेच "मी त्याहून कमी करतो" सुरू होतं आणि झालेल्या ठरावाला अर्थ उरत नाही. "पुढचं काम तुम्हालाच" असं वचनही दिलं नाही, कारण पुढच्या खरेदीलाही कोटेशनं मागवावीच लागणार. मागितले ते सुट्या भागांचे दर, आणि त्यांची गरज खरीच आहे. ऐन तुरीच्या हंगामात पट्टा तुटला, तर जवळचा माणूस तोच आहे ना!