‘व्यसन आहे का?’ असं विचारू नका

डॉक्टर,

सोमवारच्या तपासणीत तुमच्या फॉर्मवरचा एक रकाना मी रिकामा ठेवला. बाकी सगळं भरलं होतं. वजन, ॲलर्जी, आधीची ऑपरेशन्स, हलणारे दात. रिकामा राहिला तो ‘व्यसन : आहे / नाही’ हा रकाना. नर्सने तो मोठ्याने वाचला तेव्हा शेजारी माझे वडील बसले होते. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि दर आषाढीला ते पायी जातात. त्यांच्यासमोर या प्रश्नाचं उत्तर काय येणार, हे नर्सलाही माहीत होतं. ती ‘नाही’वर खूण करणार होती. मी म्हटलं, राहू द्या, मी डॉक्टरांना लिहून देतो.

ते हे पत्र. ते तुमच्याकडे पोचलं आहेच. इथे छापायला देतोय कारण हा रकाना माझ्या एकट्याच्या फॉर्मवर नाही.

आधी माहिती. मी एकतीस वर्षांचा आहे, पौडच्या पलीकडे राहतो, हिंजवडीत कामाला जातो. आठवड्यातले सहा दिवस रोज रात्री एक क्वार्टर व्हिस्की पितो. अडीच वर्षं हे असंच चालू आहे. शिवाय आठवड्यातून तीन-चार वेळा गांजा ओढतो, तंबाखूत मिसळून. सिगरेट वेगळी नाही, पण तंबाखू त्या वाटेने जातोच. गेल्या आषाढीला अण्णांसोबत आळंदी ते पुणे चाललो. दोन दिवस घेतली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात कापत होते, सदरा घामाने भिजला होता आणि रात्री डोळा लागला नाही. अण्णांना वाटलं, पोरगं दमलं. तुम्हाला यातून वेगळं काही कळेल, म्हणून सांगतोय.

आता तुमचा रकाना. ‘व्यसन आहे का’ हा वैद्यकीय प्रश्न नाहीच. तो माझ्याकडून माझ्याबद्दलचा निकाल मागतो. आणि हा निकाल आपल्याकडे कुणीच स्वतःविरुद्ध देत नाही. क्वार्टरवाला म्हणतो, व्यसन त्याचं जो सकाळी पितो. सकाळी पिणारा म्हणतो, व्यसन त्याचं जो गटारात पडतो. गांजावाला तर म्हणतो, ही वनस्पती आहे. तुम्हाला भूल देताना ज्या गोष्टी लागतात त्या तीनच : किती, किती दिवसांपासून आणि शेवटची कधी. या तिन्हींची उत्तरं आकड्यांत येतात. ते सांगताना जीभ कमी अडखळते.

आकडेच घ्या. क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची धरली तर ४१ ग्रॅम. ‘मी फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्या मित्रांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

हे ६१ ग्रॅम महत्त्वाचे का? १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेन्मार्कचा एक छोटा अभ्यास आला होता. रोज किमान ६० ग्रॅम पिणारे, पण यकृताचा आजार नसलेले ४२ जण, मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी आलेले. निम्म्यांची दारू ऑपरेशनआधी एक महिना औषधाच्या मदतीने बंद ठेवली, निम्मे पीत राहिले. पीत राहिलेल्यांपैकी ७४ टक्के जणांना नंतर गुंतागुंत झाली. थांबलेल्यांत ३१ टक्के. माझं ऑपरेशन पित्ताशयाचं, दुर्बिणीतून होणारं, त्या मानाने हलकं. ते आकडे मला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण त्या अभ्यासातले लोक फुटपाथवर पडलेले दारुडे असतील असं वाचताना वाटतं, आणि मोजायला गेलं की त्यांची किमान मर्यादा म्हणजे माझी एक क्वार्टर निघते.

आणि आता मला ज्याचा खरा राग आहे ते. सोमवारी बाहेर पडताना सर्जनच्या मदतनिसाने अण्णा पुढे गेल्यावर मला हळूच सांगितलं, ‘घेत असाल तर दोन दिवस आधी बंद करा, म्हणजे झालं.’ माणूस भला होता. त्याचा सल्ला मात्र रोज पिणाऱ्यासाठी धोक्याचा आहे. असा सल्ला कॉरिडॉरमध्ये फिरतो, कारण टेबलावर खरं विचारलं जात नाही.

माझं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी सकाळी आठला. समजा मी मंगळवारी रात्री दहाला शेवटचा घोट घेतला. रोजची दारू अचानक थांबली की सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, धडधड सुरू होते. म्हणजे माझा बुधवार. फिट येण्याचा धोका साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत. गुरुवारी सकाळी आठला माझे चौतीस तास झालेले असतील आणि मी तुमच्या टेबलावर असेन. सगळ्यात वाईट टप्पा, ज्यात माणूस बरळतो, नसलेल्या गोष्टी पाहतो, ताप चढतो आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो, तो अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांत येतो. म्हणजे गुरुवार रात्र ते शनिवार रात्र. शुक्रवारी मला डिस्चार्ज आहे. शनिवारी मध्यरात्री मी घरी असेन, आणि अण्णा शेजाऱ्यांना सांगत असतील की पोराची भूल अजून उतरली नाही.

रोज क्वार्टर पिणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही, थोड्यांनाच होतं. पण ज्याचे हात वारीच्या दुसऱ्या दिवशी कापले, त्याला ते होण्याची शक्यता आधीच दिसली आहे.

हॉस्पिटलमध्ये असतानाही हे ओळखणं सोपं नाही, असं वाचलं. नाडी जलद, घाम, अस्वस्थपणा, वाढलेलं बीपी ही लक्षणं दुखण्याचीही असतात, आतल्या रक्तस्रावाची आणि जंतुसंसर्गाचीही. फॉर्मवर ‘व्यसन नाही’ असेल तर नर्स आधी दुखण्याचं इंजेक्शन देणार. ‘रोज १८० मिली, शेवटची अमुक वेळी’ असं लिहिलेलं असेल तर ती ठरावीक तासांनी कंप, घाम, भान तपासेल आणि वेळेवर लोराझेपामसारखं औषध सुरू होईल. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व दिलं जाईल. पिणाऱ्यांत ते कमी असतं आणि आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. एवढा फरक त्या एका ओळीने पडतो.

गांजाचं निराळं. तो लपवला तर भूल देतानाच अंदाज चुकतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१९ साली एका डॉक्टरच्या २५० एंडोस्कोपी रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोज किंवा दर आठवड्याला गांजा घेणाऱ्यांना प्रोपोफॉल इतरांपेक्षा तिपटीहून जास्त लागलं होतं. असे रुग्ण पंचवीसच होते, त्यामुळे आकडा घट्ट धरू नये. पण कारण माहीत नसेल तर टेबलावर तुम्ही काय समजाल? शिवाय गांजा ओढल्यावर हृदयाचे ठोके वाढतात. अमेरिकेतल्या भूल आणि वेदनातज्ज्ञांच्या ‘आस्रा’ या संस्थेने २०२३ साली सांगितलं की प्रत्येक रुग्णाला गांजाबद्दल विचारा, आणि ओढल्यावर किमान दोन तास तरी ऑपरेशन लांबवा, कारण त्या वेळात हार्ट ॲटॅकचा धोका वाढतो. लघवीची तपासणी इथे कामाची नाही. नियमित ओढणाऱ्याची ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येते. मी सकाळी ओढला की गेल्या महिन्यात, ते सांगत नाही. ते फक्त मी सांगू शकतो.

मग लोक सांगत का नाहीत? ‘अडाणी आहेत’ हे उत्तर मला मान्य नाही. हिंजवडीतले इंजिनियर अडाणी नाहीत. त्यांना ठाऊक आहे की ती फाइल तुमच्यासोबत आणखी कोण कोण वाचतं. घरचे वाचतात. इन्शुरन्सच्या खिडकीवरचा माणूस वाचतो. गांजाच्या बाबतीत कायदाही डोक्यावर असतो : १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा ओढण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. दारूची तर गंमतच आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळतो.

यातली काही भीती खरी आहे, काही नाही. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाकडून कळलेलं गुपित तुम्हाला उघड करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, इतरांना गंभीर धोका, कळवणं सक्तीचं असलेले रोग असे मोजकेच अपवाद आहेत. वडील त्या अपवादांत बसत नाहीत. इन्शुरन्सची भीती मात्र खरी आहे. पॉलिसींमध्ये दारू किंवा नशेचं व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचा उपचार वगळलेला असतो. म्हणून माझं मागणं असं आहे : लपवू नका, पण विशेषणं लिहू नका. ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ हे दोन शब्द फाइलवर पडले की पित्ताशयाच्या खड्यांचा क्लेमही वादात जातो. ‘रोज १८० मिली व्हिस्की, अडीच वर्षं, यकृताच्या तपासण्या नॉर्मल’ हे तितकंच खरं आहे आणि तुमच्या जास्त उपयोगाचं आहे. मी पॉलिसी घेतानाच दारूच्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं होतं, त्यामुळे कंपनीला यात नवीन काही नाही. ज्यांनी ‘नाही’ लिहिलंय त्यांचा पेच वेगळा आहे. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पॉलिसी घेताना दारू लपवली म्हणून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं आहे.

तुमची बाजूही मला दिसते. बाहेर रांग असते, एका रुग्णाला पाच मिनिटं मिळतात, बरेचदा रुग्ण तुम्हाला थेट ऑपरेशनच्या सकाळीच दिसतो. पण नातेवाइकांना बाहेर बसवायला पाच मिनिटं लागत नाहीत. बीपी घेताना ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हटलं तर कुणी रागावत नाही. मग ‘दारू घेता का’ऐवजी ‘आठवड्यातून किती दिवस घेता, एका वेळी किती’ असं, जणू सगळेच घेतात अशा आवाजात विचारा. जो घेत नाही तो सांगेलच.

आता निर्णय तुमचा. खडे दोनदाच दुखले आहेत, घाई नाही असं सर्जन म्हणाले. चार आठवडे पुढे ढकलून, औषधाच्या देखरेखीखाली दारू बंद करून मग करायचं असेल तर मी तयार आहे. गुरुवारीच करायचं असेल तर मला शनिवार रात्रीपर्यंत दाखल ठेवा आणि माझ्या चार्टवर थायमिन आणि लोराझेपाम आधीच लिहून ठेवा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी स्वतःच्या मनाने दारू अचानक बंद करणार नाही. गांजा आजपासून बंद आहे. त्याने फार तर झोप उडेल आणि चिडचिड होईल.

शेवटची क्वार्टर काल रात्री साडेदहाला संपली. तारीख पुढे गेली तर घरी कारण मी सांगेन. तुम्ही सांगू नका.

आपला,
गुरुवारचा पहिला पेशंट