डीजेचे नाव अकरा वेळा, कवीचे एकदाही नाही

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका हळदीला डीजे होता. रात्री साडेनऊच्या सुमारास त्याने एक मिक्स वाजवला, सव्वानऊ मिनिटांचा. पोरं नाचली, बाया नाचल्या, आम्हीही नाचलो. त्या मिक्समध्ये डीजेचे नाव घुमणाऱ्या आवाजात अकरा वेळा आले. ज्यांची गाणी कापून तो बनवला होता त्यांच्यापैकी एकाचेही नाव आले नाही. मिक्स ज्या चॅनेलवर आहे तिथेही शीर्षकात फक्त 'जयंती स्पेशल', डीजेचे नाव आणि भोंग्यांची चित्रे. आम्ही तिघाचौघांनी ठरवले की यातल्या प्रत्येक तुकड्याचे मूळ गाणे शोधून यादी करायची. वाटले होते तासाभराचे काम, पण तीन रविवार गेले.

पहिला अडथळा मोबाइलमधल्या गाणी ओळखणाऱ्या ॲपचा. लोक समजतात की ॲप गाणे 'ऐकते'. तसे नाही. ते एका ठरावीक ध्वनिमुद्रणाचा ठसा आपल्या साठ्यातल्या ठशांशी जुळवते. म्हणजे ते मुद्रण साठ्यात असावे लागते, आणि त्याची गती व स्वर फारसा बदललेला नसावा लागतो. डीजे नेमके हेच दोन्ही बदलतो. आणि आमची गाणी ज्या छोट्या कंपन्यांच्या कॅसेटवर निघाली, त्यातल्या कित्येक कॅसेट कोणत्याही साठ्यात चढलेल्याच नाहीत. ज्यांचा इतिहास कुणी नोंदवला नाही त्यांचा ठसाही कुठे नाही, यात आम्हाला नवल वाटले नाही. मिक्समधले हिंदी सिनेमाचे दोन तुकडे मात्र ॲपने दहा सेकंदांत सांगितले.

मग हाताने काम. आधी मिक्स ऐकत कुठे तुकडा बदलतो त्या वेळा लिहिल्या. सात तुकडे निघाले. त्यातला दोन मिनिटे दहा सेकंदांपासून सुरू होणारा तुकडा आम्ही सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळ्यांची कथा त्यात आली.

तिथे गाणाऱ्याचा आवाज लहान मुलासारखा पातळ येत होता. ठेका मोजला तर मिनिटाला 132 ठोके. डीजे गाणे नुसते पळवतो तेव्हा गतीबरोबर स्वरही चढतो. गती साधारण सहा टक्के वाढली की स्वर अर्ध्या पट्टीने वर जातो. स्वर जागेवर धरून फक्त गती वाढवायची सोय डीजेकडे असते, पण इथे ती वापरलेली नव्हती, आवाजच सांगत होता. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तुकडा घेऊन गती आणि स्वर एकत्र उतरवत गेलो. 79 टक्क्यांवर आल्यावर आवाज पोक्त पुरुषाचा झाला, पेटी पेटीसारखी वाजू लागली, श्वास माणसाचा वाटू लागला. म्हणजे मूळ ठेका 104 च्या आसपास, आणि डीजेने स्वर जवळजवळ दोन पट्ट्या चढवलेला. शब्द आता स्वच्छ कळले.

इथेच अनेकजण थांबतात आणि चुकतात. एका मित्राने ती चाल गुणगुणून शोधली, तर उत्तर आले एका हिंदी चित्रपटगीताचे. त्याने लगेच यादीत तेच लिहिले. अरे बाबा, गुणगुणून शोधले की चाल सापडते, गाणे नाही! लोकप्रिय सिनेमाच्या चालीवर प्रबोधनाचे शब्द बसवणे ही आमच्या गायनपार्ट्यांची जुनी रीत. ऐकणाऱ्याच्या ओठांवर चाल आधीच असते. त्यामुळे एका तुकड्यामागे एक नाव पुरत नाही. शब्द कुणाचे, चाल कुठली, गायले कुणी, मुद्रण कुणाचे, आणि खाली वाजणारा बीट कुठून उचलला, असे पाच रकाने करावे लागतात. मॅशअपमध्ये तर शब्द एका गाण्याचे आणि वाद्ये दुसऱ्याची असतात. एकच नाव लिहिले की बहुतेक वेळा सिनेमाचे किंवा गायकाचे नाव राहते आणि कवी गळतो.

शब्द टाकून शोधल्यावर तेच गाणे वीसेक ठिकाणी मिळाले. तीन ठिकाणी तीन वेगळे कवी, चार ठिकाणी 'पारंपरिक', बाकी ठिकाणी काहीच नाही. तेव्हा आम्ही शेवटचा अंतरा शोधायला लागलो. ज्यांनी जलसे ऐकलेत त्यांना हे सांगायला नको. आमच्या शाहिरांची, कवींची नाममुद्रा शेवटच्या अंतऱ्यात असते. वामनदादा कर्डक तिथे 'वामन' म्हणून उभे असतात. कॅसेटचे कव्हर हरवेल, पुस्तक वाळवी खाईल, पण गाणे गायले जाईल तोवर सही सोबत राहील, अशी ती सोय होती. रिमिक्सला मात्र लागतो फक्त मुखडा, फार तर पहिला अंतरा. कात्री लागते ती बरोबर सहीवर.

नेटवरच्या सगळ्या प्रती कापलेल्या निघाल्या. पूर्ण गाणे मिळाले ते वस्तीतल्या एका आजींच्या कॅसेटवर, आणि शेवटी 'वामन' होता. तरी तेवढ्यावर भागत नाही, कारण गाताना नाव बदलता येते. छापील संग्रहाशी ताळा करावा लागतो. तो जुळला तेव्हाच आम्ही रकाना भरला. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गाण्यांच्या पुस्तिका विकायला असतात, त्या यासाठी जपून ठेवाव्यात.

काही तरुण म्हणतील, नाव नसले म्हणून काय झाले, गाणे तर पोचले ना? आमचे भांडण रिमिक्सशी नाही. डीजेवाली पोरं आमचीच आहेत, कर्ज काढून भोंगे घेतलेली आहेत. पण 'पारंपरिक' या शब्दाशी भांडण आहे. पारंपरिक म्हणजे मालक नाही, वारस नाही, विचारायला कुणी नाही. वामनदादांचा जन्म 1922 चा, निधन 2004 चे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. त्याच कायद्याच्या कलम 57 नुसार हक्क विकून टाकला तरी 'हे मी लिहिले' म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मग सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या या माणसाला लोकगीताच्या पोत्यात कोण आणि का टाकते? सिनेमाच्या तुकड्याखाली कंपनीच्या धाकाने नाव येते. आमच्या कवीमागे कंपनी नाही, म्हणून ते येत नाही. डीजेला लागतात सात ओळी. मिक्स चढवताना त्या खाली लिहायच्या, वेळेसकट. त्याला पैसाही लागत नाही.

आमची यादी आम्ही त्या डीजेला दिली. त्याने ती व्हिडिओखाली टाकली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो; शेवटचा अंतराही घे, हे मात्र त्याने मानले नाही, म्हणाला नाचणारे थांबतात. सातपैकी पाच तुकडे पूर्ण लागले. सहाव्याचा गायक कळला, कवी नाही. चार मिनिटे चाळीस सेकंदांवरचा बाईचा आवाज अजून लागलेला नाही. तो 81 टक्क्यांवर आणल्यावर स्पष्ट ऐकू येतो, मागे ढोलकी आणि तुणतुणे आहे, टेपची खरखर आहे, म्हणजे कॅसेटवरूनच घेतलेला. त्या दोन्ही रकान्यांत आम्ही अंदाजाने नाव घातलेले नाही, 'शोध चालू' असे लिहिले आहे. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटचे खोके असेल त्यांनी तेवढा तुकडा ऐकावा.