‘शास्ती’ म्हणजे नक्की कोणाला शिक्षा?

महापालिकेची मालमत्ता कराची नोटीस मराठीत असते, म्हणून ती मराठी माणसाला कळते, असं आपण धरून चाललो आहोत. मी गेली काही वर्षं सरकारी आणि निमसरकारी कागदांची भाषांतरं करतो. त्या अनुभवावरून सांगतो, हे गृहीतक खोटं आहे. नोटिशीची लिपी मराठी असते, प्रत्यय मराठी असतात. पण वाक्य इंग्रजी कायद्याचं असतं आणि त्याचा अर्थ कळायला मूळ इंग्रजी शोधावं लागतं. न कळण्याची किंमत नोटीस लिहिणारा भरत नाही, घरपट्टी भरणारा भरतो. तीही रोख.

यावर कोणी म्हणेल, मराठी सक्तीची झाली, अजून काय हवं? महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम २०२२ साली आला आणि महापालिकांचा कारभार मराठीत करणं बंधनकारक झालं. चांगलं झालं. पण कारभार कोणत्या भाषेत चालतो आणि तो लोकांना समजतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून आपण दुसरा विचारायचंच सोडून दिलं.

एका महापालिकेच्या मागणी नोटिशीचा मसुदा माझ्याकडे आला होता. इंग्रजी मूळ आणि सोबत वर्षानुवर्षं छापलं जाणारं मराठी. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘सदर नोटीस प्राप्तीच्या दिनांकापासून एकवीस दिवसांचे आत देय रकमेचा शास्तीसह भरणा न केल्यास आपण कसूरदार ठरून अटकावणी अधिपत्राद्वारे वसुलीची कार्यवाही अनुसरण्यात येईल.’

हे वाक्य मोठ्याने वाचून बघा. आता तीन प्रश्नांची उत्तरं द्या. शेवटची तारीख कोणती? उशीर झाला तर किती रुपये जास्त? न भरल्यास नेमकं काय होणार? एकाचंही उत्तर वाक्यात नाही. नोटीस या तीन उत्तरांसाठीच तर पाठवतात.

तारखेपासून सुरुवात करू. समजा नोटीस १४ फेब्रुवारीला हातात पडली. ‘प्राप्तीच्या दिनांकापासून एकवीस दिवस’ म्हणजे कधीपर्यंत? मराठीत ‘सोमवारपासून शाळा सुरू’ म्हटलं की सोमवार धरतात. त्या हिशेबाने १४ फेब्रुवारी हा पहिला दिवस आणि ६ मार्च हा एकविसावा. पण इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘अमुक दिवसापासून’ म्हटलं की तो पहिला दिवस सोडून मोजतात. मग मुदत ७ मार्चला संपते. एकाच शब्दाचे दोन हिशेब झाले, कारण भाषांतरकाराने शब्द आणला आणि त्यामागची मोजण्याची पद्धत तिकडेच ठेवली.

याचाच भाऊ म्हणजे ‘पूर्वी’. इंग्रजीत ‘त्या दिवशी किंवा त्याआधी’ असं असतं आणि मराठीत छापतात, ‘३० जूनपूर्वी’. मराठीत ३० जूनपूर्वी म्हणजे फार तर २९ जून. ज्याला मूळ माहीत नाही तो एक दिवस आधी धावतो, आणि ज्याला ‘पूर्वी’ म्हणजे ‘पर्यंत’च अशी सवय लागली आहे तो दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर, जिथे ‘पूर्वी’ खरोखरच ‘पूर्वी’ असतं तिथे, अडकतो. ‘३० जूनपर्यंत (३० जूनलाही भरता येईल)’ असं लिहायला किती शाई लागते?

पण यापेक्षा मोठा घोटाळा पुढे आहे. या नोटिशीत दोन घड्याळं चालू असतात आणि वाचणाऱ्याला एकच दिसतं. एक घड्याळ जप्तीचं, एकवीस दिवसांचं. दुसरं दंडाचं, आणि ते कधीपासूनच टिकटिक करत असतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखालच्या महापालिकांत मालमत्ता कर सहा-सहा महिन्यांच्या दोन हप्त्यांत, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला आगाऊ देय होतो. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के. माझ्यासमोरच्या नोटिशीत पहिल्या हप्त्याची बिनदंडाची मुदत ३० जून होती, दुसऱ्याची ३१ डिसेंबर, आणि मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की महिन्याचा भाग हा पूर्ण महिना धरला जाईल.

याचा हिशेब करू. वर्षाचा कर ९,६०० रुपये. म्हणजे हप्ता ४,८०० आणि त्याचे २ टक्के ९६. कोणी वर्षभर काहीच भरलं नाही आणि २८ फेब्रुवारीला सगळं भरायला गेला, तर पहिल्या हप्त्यावर जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने, ७६८ रुपये. दुसऱ्यावर जानेवारी-फेब्रुवारी, १९२ रुपये. दंड एकूण ९६०. तोच माणूस दुसऱ्या दिवशी, १ मार्चला गेला तर दोन्ही हप्त्यांवर आणखी एक-एक महिना चढतो आणि दंड होतो १,१५२. एका रात्रीचे १९२ रुपये.

आता नोटीस परत वाचा. १४ फेब्रुवारीला मिळाली, एकवीस दिवसांची मुदत आहे, असं वाचून साधा माणूस काय समजेल? की ६ मार्चपर्यंत सवलत आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हेच समजून ५ मार्चला भरलं. “मुदतीत भरलं तरी दंड वाढला कसा?” असं खिडकीवर विचारल्यावर त्यांना उत्तर मिळालं, “नोटिशीत लिहिलंय.” लिहिलेलं नव्हतं. म्हणजे एकवीस दिवसांत न भरल्यास जप्ती, हे होतं. त्या एकवीस दिवसांतही दंड वाढत राहतो, हे कुठेच नव्हतं. काका निवृत्त कारकून आहेत, उभा जन्म सरकारी मराठी वाचण्यात गेला. त्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोलायचं?

आता ‘शास्ती’ या शब्दाकडे वळू. दंड म्हणा, सगळ्यांना कळतं. पण अडचण फक्त कठीण शब्दाची नाही, एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्याची आहे. उशिरा भरलं की लागणारे २ टक्के म्हणजे शास्ती. आणि अनधिकृत बांधकामावर, कायद्याच्या कलम २६७अ खाली, कराच्या दुपटीपर्यंत लागतं तेही शास्ती. पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरीचं नाव ‘शास्तीकर’ पडलं, त्यावर वर्षानुवर्षं राजकारण झालं आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती माफ केली. ‘शास्ती माफ’ ही बातमी फोनवर वाचणाऱ्या, पण फक्त कर उशिरा भरलेल्या माणसाने काय समजावं? शिवाय अधूनमधून ‘अभय योजना’ येते, त्यात पहिल्या प्रकारच्या शास्तीत सूट मिळते. तिन्ही बातम्यांत शब्द एकच. माझ्या मसुद्यात मी पहिलीला ‘उशिराचा दंड’ आणि दुसरीला ‘अनधिकृत बांधकामाचा दंड’ असं लिहिलं. एवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो.

आणि ‘अटकावणी अधिपत्र’? अधिपत्र म्हणजे वॉरंट. अटकावणी म्हणजे थकबाकीपोटी घरातल्या वस्तू ताब्यात घेणं. वाचणाऱ्याला मात्र त्यात ‘अटक’ दिसते. वॉरंट आणि अटक! एखादी एकटी राहणारी आजी हे वाचून घाबरते आणि पहिल्या भेटलेल्या एजंटाच्या हाती पैसे देते. ज्याला मराठीत चांगला, रुळलेला शब्द आहे, ‘जप्ती’, तिथे हा नवा कशाला? जप्ती अरबीतून आली म्हणून? मग ‘मालमत्ता’ही तिकडूनच आली आहे, ती नोटिशीच्या मथळ्यातच बसली आहे.

पैसे भरायच्या पर्यायांचंही तसंच. माझ्या नोटिशीत होतं, ‘ई-प्रदान पुष्टीच्या अधीन राहील. धनादेश वटण्याच्या अधीन राहून स्वीकारले जातील.’ तुम्ही-मी यूपीआयवर पैसे भरतो, खात्यातून कटल्याचा मेसेज येतो, आणि आपण विसरून जातो. ‘पुष्टीच्या अधीन’चा अर्थ असा, की बँकेतून पैसे गेले म्हणजे कर भरला गेला असं नाही. महापालिकेच्या पानावर पावती क्रमांक आला तरच भरला. व्यवहार मध्येच लटकला, पैसे काही दिवसांनी परत आले आणि तेवढ्यात महिना उलटला, तर पुढचे २ टक्के तुमचे. चेकचंही तसंच, तो वटला नाही तर भरलाच नाही असं धरतात. हे दोन शब्दांच्या ‘अधीन’मध्ये लपवायचं कारण काय?

कारण मला सांगण्यात आलं. कर विभागातले एक साहेब म्हणाले, “कायद्याची भाषा बदलता येत नाही. उद्या कोर्टात कोणी आव्हान दिलं तर?” हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कलमांचे क्रमांक हवेत, कायद्यातला शब्दही कुठेतरी हवा. तो मागच्या पानावर राहू द्या. पण कायदा दर ठरवतो, मुदत ठरवतो. समोर तारीख आणि रुपये छापू नका, असं तो म्हणत नाही. उलट मुदत कळलीच नाही असं कोर्टात सांगणाऱ्याचं तोंड स्पष्ट नोटीसच बंद करते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नोटीस कोणाला कधी मिळेल हे छापताना माहीत नसतं, मग तारीख छापणार कशी? उत्तर सोपं आहे. जप्तीच्या तारखेसाठी चौकट रिकामी ठेवा. नोटीस देणारा कर्मचारी सही घेतोच, त्याच वेळी तो हाताने तारीख भरेल. दंडाच्या तारखा मात्र आधीच ठरलेल्या असतात, त्या छापता येतात.

मी जो मसुदा दिला त्याचा गाभा एवढाच होता:

‘तुमची थकबाकी ९,६०० रुपये. उशिराचा दंड आजपर्यंत ९६० रुपये. २८ फेब्रुवारीपर्यंत (२८ तारीख धरून) भरल्यास एकूण १०,५६० रुपये. १ मार्च ते ३१ मार्चमध्ये भरल्यास १०,७५२ रुपये. ____ या तारखेपर्यंत न भरल्यास जप्तीची कारवाई सुरू होऊ शकते. तोपर्यंतही दंड वाढत राहतो. ऑनलाइन भरल्यास पावती क्रमांक मिळेपर्यंत कर भरला असं धरू नका.’

यात एकही शब्द शोभेचा नाही. तो मसुदा ‘भाषा फारच साधी आहे’ या शेऱ्यासह परत आला आणि जुनीच नोटीस पुन्हा छापली गेली.

म्हणून माझं म्हणणं तुमच्याकडे. पुढची नोटीस घरी आली की आईबाबांना ‘ऑनलाइन भरून टाकतो’ म्हणून मोकळे होऊ नका. तिचं मागचं पान वाचा, दोन्ही घड्याळं शोधा, आणि नोटिशीत तारीख नसेल तर ‘शेवटची तारीख आणि त्या दिवशीची रक्कम लेखी कळवा’ असा एक ओळीचा अर्ज वॉर्ड ऑफिसला द्या, पोच घेऊन. असे पाचशे अर्ज एका वॉर्डात आले, तर प्रत्येकाला उत्तर देण्यापेक्षा नोटीस सुधारणं त्यांनाच स्वस्त पडेल.