रेडिएशनच्या आधी दातांचा डॉक्टर, नंतर नव्हे

"डॉक्टर, इथे जिवावर बेतलंय आणि तुम्ही दातांचं काय घेऊन बसलात?" तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला मी रेडिएशनआधी दात दाखवून यायला सांगितलं, की नातेवाईक हेच म्हणतात. त्यांचं मी समजू शकतो. पण आम्ही डॉक्टरही तसंच वागतो, ते मात्र मला मान्य नाही.

माझ्याकडे मधुमेहासाठी येणाऱ्या एका गृहस्थांचं उदाहरण घ्या. गालाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, मग ३० वेळा मिळून ६० ग्रे रेडिएशन. कर्करोग बरा झाला. तीन वर्षांनी त्याच बाजूची खालची दाढ दुखू लागली, म्हणून ते घराजवळच्या दवाखान्यात गेले. रेडिएशन म्हणजे संपलेलं प्रकरण, म्हणून त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दाढ निघाली. दोन महिन्यांनी खड्डा तसाच उघडा होता, आणि मी काय केलं? दोनदा अँटिबायोटिक लिहून दिलं. चूक माझी. पुढे त्या खड्ड्यातून पिवळसर हाड दिसू लागलं आणि शेवटी जबड्याचा तो भाग काढावा लागला. नंतर ऑपरेशनआधीचा जबड्याचा एक्स-रे पाहिला, तर त्याच दाढेच्या मुळाशी तेव्हाही संसर्ग होता. तीच दाढ कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये, त्याच भुलेखाली निघाली असती.

असं का होतं? रेडिएशनमुळे जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि हाडाची दुरुस्ती करणाऱ्या पेशी कमी होतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच कमी. असं हाड एरवी शांत असतं. दात उपटला, की ती जखम भरून काढायची ताकद त्याच्यात नसते. 'सहा महिने गेले, आता काढायला हरकत नाही' हा समज चुकीचा आहे. हा धोका आयुष्यभर राहतो.

"आधी दात बघायला वेळ कुठे असतो?" असं आमचेच लोक म्हणतात. वेळ असतो. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगात बहुधा आधी ऑपरेशन होतं आणि रेडिएशन त्यानंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू होतं. ऑपरेशनआधीच एक्स-रे काढून खोल किडलेले, हलणारे, मुळाशी पू असलेले दात ठरवता येतात. चांगले दात काढायचे नसतात. थेट रेडिएशन द्यायचं असेल, तर दात काढल्यावर जखम भरायला किमान दोन आठवडे हवेत. गाठ तेवढं थांबू देत नसेल, तर कर्करोगाचा उपचार आधी. पण हा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी बोलून घ्यावा, विसरून जाऊ नये.

शरद पवारांनी २०१८ मध्ये इंडियन डेंटल असोसिएशनच्या मुंबईतल्या कार्यक्रमात आपल्या कर्करोगाबद्दल सांगितलं होतं: सुपारीची सवय, शस्त्रक्रिया, काढलेले दात, तोंड उघडायला झालेला त्रास. आपण त्यातला सुपारीचा धडा तेवढा घेतला, दातांचा सोडून दिला.

रेडिएशननंतरचं काम रोजचं आहे. लाळ कमी झाली, की दात हिरडीच्या कडेला, काही महिन्यांतच किडू लागतात. साध्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड साधारण १००० पीपीएम असतं. तुम्हाला ५००० पीपीएमची पेस्ट किंवा दातांच्या मापाच्या ट्रेमधून लावायचं फ्लोराइड जेल लागतं, तेही कायमचं. दातांच्या डॉक्टरांकडून ते लिहून घ्या. तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करा. आपली तीन बोटं उभी आत जात नसतील तर दाखवा. आणि मिश्रीने दात घासणं म्हणजे स्वच्छता नव्हे, तो तंबाखूच आहे.

दात दुखलाच, तर पहिला प्रश्न 'काढू का?' असा नको, 'रूट कॅनाल करून मूळ जागेवर ठेवता येईल का?' असा हवा. काढणं अटळ असेल, तर रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलून, त्या जागी किती ग्रे पडले हे पाहूनच. म्हणून रेडिएशनचा कागद कधीही टाकू नका. दहा वर्षांनीही दातांच्या खुर्चीत बसताना तोच पहिला दाखवा.

काढलेल्या दाताची जागा तीन आठवड्यांत हिरडीने झाकली गेली नाही, हाड दिसलं किंवा खालचा ओठ बधिर झाला, तर माझ्यासारख्या फिजिशियनकडून गोळ्या घेत बसू नका. कर्करोगाच्या किंवा जबड्याच्या सर्जनकडे जा. कर्करोग परतला नाही ना, हेही त्यांना पाहावं लागतं.

तुमच्या घरात कोणाचं रेडिएशन ठरलं असेल, तर तारीख घेताना एवढंच विचारा: "दात कोणी पाहिले?" उत्तर 'कोणी नाही' आलं, तर त्याच आठवड्यात दाखवून घ्या.