गिऱ्हाइकाचं शब्दचित्र

मैत्रिणींनो, ऑनलाइन कपडे विकताना आपलं गिऱ्हाईक कोण, हे मनानेच ठरवू नका. वर्षभराच्या ऑर्डरी काढा आणि एका मोबाइल नंबरला एकच ओळ द्या. तीत खरेदी किती वेळा, मापं कोणती, माल कुठल्या पत्त्यावर गेला, एवढंच लिहा.

समजा, ६० जणींपैकी १८ जणींची मापं दर वेळी वेगळी आणि पत्तेही दुसऱ्यांचे. म्हणजे त्या बहुधा भेट देणाऱ्या! त्यांना सुबक वेष्टन हवं, वेळेवर पोच हवी. २२ जणी तेच माप पुन्हा घेतात; त्यांना मापाचा भरवसा हवा. उरलेल्या २० एकदाच आलेल्या. एवढ्यावरून त्यांचं चित्र रंगवू नये.

पहिल्या दोन्ही गटांतल्या तिघी-तिघींना फोन करा. अंदाज चुकला, तर चित्र बदला.