चूक माझी 30 टक्के, मग पैसे 100 टक्के का?

डिलिव्हरीच्या गाड्यांवरच्या मागच्या व्हिडिओखाली आणि नंतर अकोल्याच्या बॅचमध्येही एकच प्रश्न आला. एका किराणा होलसेलवाल्या भाऊंनी तर उभं राहूनच विचारलं, "सर, माही चूक तीस टक्के असन, तं पैसे शंभर टक्के काहून भरू?" सगळी बॅच हसली, पण प्रश्न खरा आहे. मीही दुकानदार आहे, माझीही पिकअप अमरावती-अकोला रोडवर धावते. काही वर्षांपूर्वी मीसुद्धा हाच प्रश्न याच रागाने विचारला असता. आज माझं मत वेगळं आहे. का, ते एका उदाहरणातून सांगतो.

रस्ता आपलाच घ्या. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज रेकॉर्ड झाला, तोच हा महामार्ग. रस्ता गुळगुळीत झाला तसा आपल्या ड्रायव्हरांचा पायही जड झाला.

समजा रात्रीचे साडेआठ वाजलेत, जागा मूर्तिजापूरच्या अलीकडची. बंद पडलेला एक ट्रक अर्धा लेनमध्ये उभा आहे. मागचे दिवे बंद, त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवलेला नाही. मागून आपली पिकअप 80 च्या वेगाने येते. ड्रायव्हरला ट्रक उशिरा दिसतो, तो गाडी उजवीकडे ओढतो. तिथे डिव्हायडरला लागून एक मोटरसायकल राँग साइडने समोरून येतेय, कारण यू-टर्न लांब आहे. धडक होते. मोटरसायकलवाल्याचा पाय मोडतो, मागे बसलेल्या त्याच्या बायकोलाही मार लागतो.

आता चूक कोणाची? गावात दोनच उत्तरं मिळतात. एक, मोठी गाडी ज्याची चूक त्याची. दोन, तिघेही चुकले तर तेहतीस-तेहतीस-तेहतीस करा आणि मिटवा. मला दोन्ही पटत नाहीत. टक्का गाडीच्या आकारावरून ठरू नये आणि डोकी मोजूनही ठरू नये. प्रत्येकाची चूक काढून टाकून बघायचं, अपघात टळला असता का?

पिकअपचं बघा. डिपर लाइटमध्ये बिनदिव्याचा ट्रक साधारण 40 मीटरवर दिसला असं धरू. 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, म्हणजे 22 मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी 35 मीटर. झाले 57. म्हणजे 40 मध्ये तो थांबूच शकत नव्हता. वेग 50 असता तर सगळं मिळून 28 मीटरमध्ये गाडी उभी. म्हणजे वेगाचा वाटा आहे. पण ट्रकचे दिवे चालू असते तर ड्रायव्हरला तो कितीतरी आधी दिसला असता, म्हणून ट्रकचा वाटा जास्त. आणि मोटरसायकल त्या लेनमध्ये उलटी आलीच नसती तर उजवी बाजू रिकामी होती.

मी वाटणी करेन तर ट्रक 40, पिकअप 30, मोटरसायकल 30. दुसरा कोणी 45-30-25 म्हणेल. न्यायाधिकरणाकडेही याचा तयार तक्ता नसतो, पुरावा पाहून अंदाजच करावा लागतो. मुंबईत बसखाली सापडलेल्या सायकलस्वाराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये सायकलस्वाराचा वाटा 25 टक्के धरला होता.

इथे एक गल्लत फार होते. नियम मोडला म्हणजे टक्का लागलाच, असं नाही. मोटरसायकलवाल्याने हेल्मेट घातलं नव्हतं, पण मोडला पाय. मग हेल्मेटचा टक्का कुठून आणणार? 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रिपल सीटच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. कारने मागून धडक दिली होती. हायकोर्टाने तिघे बसले म्हणून 10 टक्के कापले होते, सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली. तिसरा माणूस बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं.

आता पैशाकडे येऊ. मोटरसायकलवाल्याची भरपाई ठरली 10 लाख, त्याच्या बायकोची 6 लाख.

मोटरसायकलवाल्याचे स्वतःचे 30 टक्के कापले जाणार. त्याला मिळतील 7 लाख. बायकोची मात्र काहीच चूक नाही, ती नुसती मागे बसली होती. नवऱ्याचे टक्के तिच्या माथी मारता येत नाहीत. तिला पूर्ण 6 लाख. एकच अपघात, एकच गाडी, पण दोघांचा हिशोब वेगळा!

आणि हे 13 लाख ते दोघे एकट्या पिकअपकडून, म्हणजे आपल्या विमा कंपनीकडून मागू शकतात. 2015 च्या खेन्येई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. दोघा-तिघांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो कोणा एकाकडून सगळी रक्कम घेऊ शकतो. टक्केवारी ही भरणाऱ्यांच्या आपसातली गोष्ट. आपला खरा वाटा 3 लाख अधिक 1 लाख 80 हजार, म्हणजे 4 लाख 80 हजार. उरलेल्यातले 6 लाख 40 हजार ट्रकवाल्याकडून आणि 1 लाख 80 हजार मोटरसायकलच्या बाजूने वसूल करायचे.

तुम्ही म्हणाल, ट्रकचा विमा संपलेला असेल आणि मालक हात वर करेल तर? तर वसुली कागदावरच राहू शकते. खरं आहे, खोटं का बोलू? पण हा तोटा कोणीतरी सोसणारच. बिनविम्याच्या ट्रकमागे वर्षानुवर्षं कोणी फिरायचं, विमा कंपनीच्या वकिलाने की प्लॅस्टरमधल्या बाईने? म्हणून मला हा नियम न्याय्य वाटतो, दुकानदार असूनसुद्धा. फक्त आपल्या बाजूचे कागद पक्के हवेत. ड्रायव्हरकडे वैध लायसन्स नसेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते आपल्याकडून वसूल करू शकते. मग हे सगळं गणित आपल्या गल्ल्यावर येतं.

दुकानदाराचं खरं नुकसान मात्र दुसरीकडेच होतं. धडक झाली की गर्दी जखमींकडे धावते, आणि ट्रकवाला तेवढ्यात गाडी चालू करून निघून जातो. ट्रकला तर कोणाचा धक्काही लागलेला नाही! पंचनाम्यात दोनच वाहनं येतात. ट्रकच कागदावर नाही, तर त्याचे 40 टक्के उरलेल्या दोघांतच वाटले जातात. मोटरसायकलवाल्याचीही भरपाई त्याने घटते, आणि आपल्याला वसुली करायला समोर पार्टीच राहत नाही. ट्रकचा नंबर मिळाला असेल तर त्याचा मालक आणि विमा कंपनी दाव्यात पक्षकार होतील हे पहिल्या तारखेपासून बघा. सगळे समोर असतील आणि टक्के त्याच निकालात ठरले, तर वसुलीही त्याच प्रकरणात करता येते. नाहीतर वेगळा दावा लावावा लागतो, वेगळा वकील, वेगळ्या तारखा.

मी माझ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर एक कागद चिकटवलाय. आधी 108 ला फोन, मग 112. त्यानंतर चार फोटो: उभ्या गाडीची नंबर प्लेट, तिचे मागचे दिवे, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा आणि सगळी वाहनं एका फ्रेममध्ये. चौथा फोटो दूरून काढायचा, जवळच्या दुकानाचा किंवा किलोमीटरच्या दगडाचा भाग त्यात यायला हवा. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तेवढ्या गडबडीत ध्यानात राहीन का?" म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला, पगार द्यायच्या आधी, दुकानासमोर उभ्या गाडीचे हे चार फोटो मी त्याला काढायला लावतो.